व्ही-२, व्ही-३ मध्ये एसटी वर: जाड झालेलं हृदय, तरुण हृदय की खरा झटका?

हा लेख तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठलंही घ्या. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला, ईसीजी निघाला, व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये एसटी दोन-तीन मिमी वर आहे आणि मशीननं वरच्या कोपऱ्यात ‘अक्यूट एमआय’ छापून दिलंय. नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, कोल्हापूरला हलवू का बेळगावला?” टेनेक्टेप्लेज द्यायचं की नाही, हे मात्र त्याआधी तुम्हाला ठरवायचं असतं.

पट्टीवर सारखे दिसणारे तीन उमेदवार असतात. पहिला एलव्हीएच, म्हणजे डाव्या जवनिकेची जाडी, सोबत स्ट्रेन. दुसरा अर्ली रिपोलरायझेशन, म्हणजे निरोगी तरुणाची नैसर्गिक ठेवण. तिसरा एलएडी बंद पडून आलेला खरा झटका. तिसरा सुटला तर स्नायू मरतो. पहिल्या दोघांना तिसरा समजून औषध दिलं, तर फायदा काहीच नाही आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची जोखीम तेवढी पदरात. ती शंभरात एखाद्याच्या आसपास धरतात, पण एलव्हीएचचा रुग्ण बहुतेक वेळा जुना बीपीवाला असतो आणि दाखल होताना त्याचं बीपी १८०/११० च्या वर असू शकतं. थ्रॉम्बोलिसिस टाळण्याच्या कारणांत नेमकं हेच मोडतं. म्हणजे नक्कल करणारा आजार आणि औषधाचा धोका एकाच माणसात एकत्र येतात.

मशीन एसटी किती मिमी वर आहे ते मोजतं. झटक्याच्या सार्वत्रिक व्याख्येतली मर्यादाही मिमीतच आहे. व्ही-२ आणि व्ही-३ साठी चाळिशीच्या आतल्या पुरुषाला २.५, त्यापुढच्या पुरुषाला २ आणि स्त्रीला १.५ मिमी. इतर लीडमध्ये १ मिमी. पण ही मर्यादा एलव्हीएच आणि बंडल ब्रँच ब्लॉक नसताना लागू आहे, असं त्याच व्याख्येत लिहिलेलं आहे. ती ओळ कुणी वाचत नाही. म्हणून माझा आग्रह असा की एसटीकडे डोळे जाण्याआधी त्याच लीडमधला क्यूआरएस बघा. एसटी तीन मिमी वर आहे हे अर्धंच वाक्य झालं. केवढ्या क्यूआरएसच्या मागे तीन मिमी, आणि कुठल्या दिशेला, हे कळल्यावर ते पूर्ण होतं. तिन्ही उमेदवार खरे वेगळे होतात ते इथेच.

एलव्हीएच: क्यूआरएसच्या उलट दिशेला, पण त्याच्या मापात

व्होल्टेजचे निकष बरेच आहेत, हाताशी दोन ठेवले तरी भागतं. सोकोलो-लायन १९४९ पासून चालत आलेला आहे: व्ही-१ मधला एस अधिक व्ही-५ किंवा व्ही-६ मधला मोठा आर, बेरीज ३५ मिमी किंवा जास्त. दुसरा कॉर्नेल: एव्हीएलमधला आर अधिक व्ही-३ मधला एस, पुरुषात २८ च्या वर आणि स्त्रीत २० च्या वर.

दोघांचीही खोड एकच. निकष भरला तर प्रौढ माणसात बहुधा जाडी असते, पण न भरल्यानं जाडी नाही असं ठरत नाही. बऱ्याच जाड हृदयांची पट्टी अगदी साधी दिसते, कारण इलेक्ट्रोड आणि हृदय यांच्या मधे चरबी असते, किंवा फुगलेलं फुप्फुस असतं. आयुष्यभर तंबाखू-विडीच्या धुरात राहिलेल्या माणसाचं व्होल्टेज कमी भरलं, तर त्याचं बीपी हृदयाला बाधलेलं नाही असं समजू नका. निपाणीकडच्या विडी कामगार बायकांसारख्या रुग्णांत मी सोकोलोपेक्षा कॉर्नेलकडे आधी बघतो, त्यात स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा आहे म्हणून. उलट बाजूला किडकिडीत विशीतला पोरगा. त्याची छाती पातळ, बेरीज सहज ४० वर जाते आणि हृदय मात्र ठणठणीत असतं. पस्तिशीच्या आत नुसत्या व्होल्टेजवर एलव्हीएच लिहूच नये.

मग शिक्का कशावर मारायचा? स्ट्रेनवर. आय, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ या उंच आर असलेल्या लीडमध्ये एसटी खाली जातो, तोही हळूहळू उतरत, आणि पुढे टी उलटा होतो. हा टी दोन्ही बाजूंनी सारखा नसतो: उतार संथ, चढ एकदम. रोमहिल्ट-एस्टेस गुणपद्धतीत याला, रुग्ण डिजॉक्सिनवर नसेल तर, ३ गुण आहेत, म्हणजे व्होल्टेजइतकेच. पाच गुण झाले की एलव्हीएच पक्कं.

कारण समजून घेतलं तर पाठ करावं लागत नाही. निरोगी भिंतीत विद्युत लाट आतून बाहेर जाते, पण बाहेरचा थर आधी सावरतो, म्हणून क्यूआरएस आणि टी एकाच दिशेला असतात. भिंत जाड झाली की लाटेला वेळ लागतो, सावरण्याचा क्रम बिघडतो आणि एसटी-टी क्यूआरएसच्या विरुद्ध दिशेला वळतात. व्ही-६ मध्ये क्यूआरएस वर, म्हणून एसटी खाली. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये खोल एस, म्हणून एसटी वर. व्ही-२ मधला तो धडकी भरवणारा उंच एसटी म्हणजे व्ही-६ मधल्या स्ट्रेनचीच दुसरी बाजू. एस जितका खोल, तितका एसटी वर.

यातूनच एक गोष्ट निघते, आणि ती फार उपयोगाची आहे. एलव्हीएचच्या पट्टीवर व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी *खाली* असेल, तर त्याला स्ट्रेन म्हणून सोडून देऊ नका. खोल एसच्या मागे तो वर असायला हवा होता. खाली आहे म्हणजे मागच्या भिंतीचा झटका शोधा, पाठीवरच्या व्ही-७ ते व्ही-९ लीड लावा.

अर्ली रिपोलरायझेशन: क्यूआरएसच्याच दिशेला, आणि क्यूआरएस दणकट

इथे चित्र उलटं. तालमीत जाणारा, शेतात राबणारा किंवा लष्करभरतीसाठी रोज पहाटे पळणारा विशी-तिशीतला तरुण. एसटी व्ही-२ ते व्ही-५ मध्ये वर, आणि व्ही-३, व्ही-४ सारख्या चांगला आर असलेल्या लीडमध्ये तो आरच्याच दिशेला असतो. क्यूआरएस संपतो तिथे, म्हणजे जे पॉइंटला, छोटी खाच किंवा घसरण दिसते, बहुधा व्ही-४ मध्ये. तिथून एसटी वाटीसारखा खोलगट होऊन मोठ्या, सरळ टीला मिळतो. एव्हीआर सोडला तर कुठेही एसटी खाली नसतो. नाडी वाढली की एसटीची उंची कमी होते, संथ झाली की वाढते, म्हणून १०० च्या नाडीला जर तो ठसठशीत वर असेल तर मला शंका येते. वयाप्रमाणे ही ठेवण पुसट होत जाते. पंचावन्न वर्षांच्या माणसात पहिल्यांदाच ‘अर्ली रिपोल’ लिहायचा मोह झाला, तर पेन खाली ठेवा.

एक बाजूची गोष्ट. २००८ साली खालच्या आणि बाजूच्या लीडमधल्या जे खाचेचा व्हीएफशी संबंध दाखवणारा अभ्यास आला आणि तेव्हापासून या शब्दाला उगाच भीती चिकटली. छातीच्या लीडमधली नेहमीची ठेवण त्यात येत नाही. मात्र तरुणाला बेशुद्ध पडल्याचा इतिहास असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवा. बाकीच्यांना हा शब्द सांगून घाबरवण्यात अर्थ नाही.

खरा झटका: क्यूआरएस आक्रसतो, एसटी-टी फुगतो

एलएडी बंद पडते तेव्हा दोन गोष्टी बरोबर घडतात. पुढच्या भिंतीचा आर खचतो आणि टी जाड, रुंद होत जातो. एसटीचा खोलगटपणा जाऊन तो सरळ किंवा फुगीर होतो. पण सुरुवातीच्या तासात तो खोलगटही असू शकतो, म्हणून ‘हसरा एसटी म्हणजे सुरक्षित’ हे वॉर्डात ऐकू येणारं वाक्य मी मानत नाही. त्यापेक्षा व्ही-२, व्ही-३ मध्ये एक गोष्ट नेमकी शोधा: एसही नाही आणि जे खाचही नाही, क्यूआरएसची शेपटी थेट एसटीत विरघळलीय. अर्ली रिपोलरायझेशनमध्ये असं जवळजवळ दिसत नाही.

आता आकडे घालून बघू.

समजा कंग्राळीचा २६ वर्षांचा पैलवान आला. कालच्या लढतीपासून छाती दुखतेय, दाबलं की जास्त दुखते. नाडी ५८. व्ही-३ मध्ये एसटी २.५ मिमी वर, म्हणजे त्याच्या वयाच्या मर्यादेवर बरोबर बसणारा. व्ही-४ मध्ये जे खाच आहे, व्ही-१ चा एस १० आणि व्ही-५ चा आर २० मिमी, स्ट्रेन नाही. म्हणजे एलव्हीएच नाही, आणि निवड उरते अर्ली रिपोलरायझेशन की सूक्ष्म एलएडी झटका एवढीच. याच निवडीसाठी अमेरिकेतल्या स्टीफन स्मिथ यांच्या गटाचं २०१७ चं चार मापांचं सूत्र आहे:

```
0.052 × QTc − 0.151 × QRSV2 − 0.268 × RV4 + 1.062 × STE60V3
```

QTc मशीन देतं ते (बॅझेट, मिलिसेकंदात). QRSV2 म्हणजे व्ही-२ मधला पूर्ण क्यूआरएस, आरच्या टोकापासून एसच्या तळापर्यंत. RV4 म्हणजे व्ही-४ चा आर. STE60V3 म्हणजे व्ही-३ मध्ये जे पॉइंटच्या पुढे दीड लहान चौकोनावर मोजलेली एसटीची उंची. बाकीची तिन्ही मापं मिमीत. उत्तर १८.२ किंवा जास्त आलं तर झटक्याकडे झुकतं.

पैलवानाचं क्यूटीसी ३९०, व्ही-२ चा क्यूआरएस १७, व्ही-४ चा आर १८, एसटी २.५. म्हणजे २०.२८ वजा २.५७ वजा ४.८२ अधिक २.६६, उत्तर साधारण १५.५. झटक्याच्या बाजूला नाही. आता एसटी तेवढाच, २.५ च ठेवा. पण माणूस ४४ वर्षांचा, घाम फुटलेला, क्यूटीसी ४२५, व्ही-२ चा क्यूआरएस १० आणि व्ही-४ चा आर फक्त ६. उत्तर येतं २१.६. एसटी एका मिमीनंही बदलला नाही, बदलला तो आजूबाजूचा क्यूआरएस आणि क्यूटी. सूत्रात क्यूआरएसच्या दोन्ही मापांपुढे वजाचं चिन्ह का आहे, ते यावरून कळेल.

या सूत्राची हद्द मात्र पाळावी लागते. एसटी उघड फुगीर किंवा सरळ असेल, क्यू लाटा असतील, टी उलटा असेल, खालच्या लीडमध्ये एसटी दबलेला असेल, तर गणित करत बसू नका. तो झटकाच समजा. आणि एलव्हीएचच्या पट्टीवर हे सूत्र लावू नका. ते त्या कामासाठी बनलेलं नाही, आकडा काहीही येऊ शकतो.

दुसरा माणूस. चिकोडीकडचा ६१ वर्षांचा ऊस शेतकरी. बीपीची गोळी ‘बरं वाटलं म्हणून’ सहा महिन्यांपूर्वी सोडलेली. दोन दिवस छातीत जडपणा, चढ चढताना दम. बीपी १९६/११२. व्ही-१ चा एस १९, व्ही-५ चा आर २७, बेरीज ४६. एव्हीएलचा आर १४, व्ही-३ चा एस २२, बेरीज ३६. दोन्ही निकष भरले. व्ही-६ मध्ये एसटी दीड मिमी उतरता, टी असमान उलटा. व्ही-२ मध्ये एसटी ३ मिमी वर, मशीनचा ओरडा त्यावरूनच. पण व्ही-२ चा एस ३० मिमी खोल आहे.

इथे आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं प्रमाण वापरायचं: व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटीची उंची त्याच लीडच्या क्यूआरएसच्या मापाच्या २५ टक्के किंवा जास्त असेल तरच झटका धरायचा. या माणसाचा क्यूआरएस जवळजवळ सगळा एसच आहे, म्हणून ३ भागिले ३०, दहा टक्के. व्ही-३ मध्ये २.५ भागिले २२, अकरा टक्के. एसटी क्यूआरएसच्या मापातच आहे. टेनेक्टेप्लेज थांबवायचं.

थांबवायचं म्हणजे घरी पाठवायचं नाही. त्याला झटका नाहीच असं या प्रमाणानं सिद्ध होत नाही. या लीडमधला एसटी एलव्हीएचनं समजावून सांगता येतो, इतकंच ते सांगतं. बीपी उतरवायला सुरुवात करा, १५ मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढा, दुखत राहिलं तर पुन्हा काढा. इलेक्ट्रोड हलवू नका, नाहीतर बदल आजाराचा की जागेचा ते कळणार नाही. स्ट्रेनची पट्टी तासाभरात तशीच राहते, झटक्याची बदलते. ट्रोपोनिन एकदा किंचित वर आलं म्हणून घाबरू नका, जाड हृदयात ते कायमच थोडं वर असू शकतं. काही तासांनी दुसरं केल्यावर आकडा चढला का ते बघा.

तोच माणूस दोन वर्षांनी आला असं समजा. या वेळी पहाटे दुखायला लागलंय, शर्ट भिजलाय. व्ही-२ मध्ये एसटी ४.५ मिमी. नुसतं मिमीत बघितलं तर तीनचे साडेचार झाले, एलव्हीएचवाल्याचा थोडा जास्त असेल म्हणून कुणी सोडूनही देईल. पण एस आता १५ वर आला आहे: ३० टक्के. व्ही-३ मध्ये ४ भागिले १२, ३३ टक्के. आणि व्ही-६ मधला उलटा टी सरळ झालाय. जुनी पट्टी नसेल तर तो ‘सुधारला’ असं वाटेल. स्ट्रेनचा टी दुखत असताना अचानक सरळ होणं हे चांगलं लक्षण नाही. हा खरा झटका आहे.

म्हणून जुनी पट्टी या सगळ्या गणितापेक्षा मोठी. बीपीच्या प्रत्येक रुग्णाचा बरा असतानाचा ईसीजी त्याच्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवायला लावा. कागदावरची थर्मल पट्टी वर्षभरात पुसट होते.

पट्टी वाचण्याआधी मशीनकडेही बघा. व्होल्टेज फार मोठं असलं की काही मशीन आपोआप अर्ध्या मापावर, म्हणजे १ मिलिव्होल्टला १० ऐवजी ५ मिमीवर, छापतात. मग ४६ ची बेरीज २३ दिसते आणि एलव्हीएच हातातून निसटतं. सुरुवातीचा चौकोनी खांब १० मिमी उंच आहे का बघितलं की झालं. प्रमाण मात्र त्यानं बिघडत नाही, एसटी आणि एस दोन्ही अर्धे होतात. व्ही-१, व्ही-२ चौथ्या बरगडीखालच्या जागेत हवेत. घाईत ते वर लागतात आणि आर छोटा दिसून पुढच्या भिंतीच्या जुन्या झटक्याचा भास होतो.

आणखी एक हद्द: २५ टक्क्यांचं प्रमाण फक्त व्ही-१ ते व्ही-३ साठी आहे. एसटी खालच्या लीडमध्ये, दोन, तीन, एव्हीएफमध्ये वर असेल, तर एव्हीएल बघा. तिथे अर्धा मिमी जरी दबलेला असला तरी अर्ली रिपोलरायझेशन म्हणून सोडू नका. पण जाड हृदयात एव्हीएलमध्ये आधीच स्ट्रेन असतो आणि ही खूण गढूळ होते. अशा वेळी मी पट्टीवर भांडत बसत नाही. दहा-दहा मिनिटांनी पट्ट्या काढतो आणि फोनवर फोटो पाठवून मत घेतो.

आता नातेवाईकांचा प्रश्न. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर औषधापेक्षा तीच बरी, हा नियम. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, दोन्हीकडे जाणारा हमरस्ता एकच. शंकेची पट्टी असेल तर निपाणीतल्या माणसाला औषध न देता हलवणंच मला पटतं, कारण शंकेच्या औषधाची जोखीम घ्यायचं कारणच नाही. अथणीच्या बाजूला मिरज जवळ पडतं, बेळगाव नव्हे. खानापूरहून बेळगाव जवळ, पण जांबोटी-कणकुंबीकडचा माणूस पावसाळ्यात किती वेळानं पोचेल ते त्या दिवशीचा रस्ता ठरवतो. तिथला खरा झटका, प्रमाण ३० टक्के, बीपी आटोक्यात, असेल तर सरकारी तालुका रुग्णालयात हृदय ज्योती योजनेचं टेनेक्टेप्लेज मिळतं का ते आधी बघा, मिळालं तर देऊन मग हलवा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर ते आधी खाली आणा.

संदर्भपत्रावर ‘एसटी वर, एमआय?’ एवढं लिहू नका. व्ही-२ चा एसटी किती, एस किती, टक्के किती, व्ही-६ चा टी कसा, दुसरी पट्टी किती वाजता काढली आणि ती बदलली का, हे लिहा. सोबत दोन्ही पट्ट्या स्टेपल करा, फोटोकॉपी नको, मूळ पट्टी द्या आणि फोटो स्वतःकडे ठेवा.